नायटा दिसेनासा झाला, आता मलम कधी थांबवायचं?

जांघेतला नायटा असो की पायाच्या बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, मलम लावायला लागल्यावर चार-सहा दिवसांत खाज कमी होते. मग लाली ओसरते, आणि एका सकाळी चट्टा जवळजवळ दिसेनासा होतो. बहुतेक लोक इथेच मलम थांबवतात. महिन्याभरात खाज पुन्हा त्याच जागी हजर होते आणि ‘ते मलम काही कामाचं नव्हतं’ असा निष्कर्ष निघतो. पुष्कळदा मलम कामाचं असतं, ते अर्ध्यावर सोडलेलं असतं.

किती दिवस पुढे लावायचं, याचं सगळ्यांना लागू पडणारं एकच उत्तर नाही. ट्यूबवर टर्बिनाफिन लिहिलंय की क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, किटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल यांपैकी काही, यावर ते ठरतं. शेवटी ‘-कोनॅझोल’ किंवा ‘-मॅझोल’ असलेली ही सगळी ॲझोल गटातली औषधं. टर्बिनाफिनचा गट वेगळा आणि काम करायची रीतही वेगळी. तो फरक एकदा लक्षात आला की दिवसांचा हिशेब आपसूक कळतो.

आधी बुरशी नेमकी कुठे बसलेली असते ते पाहू. पायाला आणि जांघेला होणारा संसर्ग बहुधा एकाच कुळातल्या बुरशांचा असतो. ट्रायकोफायटन रुब्रम ही त्यातली सर्वांत जास्त आढळणारी. या बुरशा केराटिनवर जगतात, म्हणजे कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरावर. हा थर सतत झडत असतो आणि खालून नवा येत असतो. अंगावरच्या बहुतेक भागांत तो पूर्ण बदलायला साधारण दोन आठवडे लागतात, तळपायाच्या जाड कातडीत त्याहून बरेच जास्त. लाली, खाज, आग ही बुरशीला आपल्या शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. बुरशीचं प्रमाण घटलं की प्रतिक्रिया शांत होते, पण ती शांत झाली म्हणजे बुरशी संपली असं नाही. वरच्या थरात तिचे धागे अजून असू शकतात, फक्त शरीराला चिडवण्याइतके नसतात.

आता औषधांकडे येऊ. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. आपल्या पेशी त्याऐवजी कोलेस्टेरॉल वापरतात, म्हणून ही औषधं आपल्या पेशींना फारसा धक्का न लावता बुरशीवर मारा करू शकतात. एर्गोस्टेरॉल अनेक टप्प्यांत तयार होतं. ॲझोल औषधं त्यातला उशिराचा एक टप्पा अडवतात. आवरण सदोष होतं, बुरशीची वाढ थांबते, पण मलमातून मिळणाऱ्या मात्रेत ती बहुधा लगेच मरत नाही. ती जागीच थबकते. तिला बाहेर काढायचं काम कातडीच करते: जुना थर झडतो, त्याबरोबर थबकलेली बुरशीही झडते. म्हणजे जुना थर पूर्ण निघून जाईपर्यंत बुरशीला थबकवून ठेवणं, हे ॲझोल मलमाचं काम. मलम मध्येच थांबलं तर राहिलेले धागे पुन्हा वाढू लागतात.

टर्बिनाफिन त्याच साखळीतला फार आधीचा टप्पा अडवतं. त्यामुळे एर्गोस्टेरॉल तर बनत नाहीच, शिवाय त्याआधीचा स्क्वालीन हा पदार्थ बुरशीच्या पेशीत साठत जातो आणि तोच तिला घातक ठरतो. बुरशी नुसती थबकत नाही, मरते. दुसरी गोष्ट म्हणजे हे औषध कातडीच्या वरच्या थरात चांगलं मुरतं. आठवडाभर लावून थांबवलं तरी पुढचे काही दिवस ते तिथे पुरेशा प्रमाणात असतं आणि काम करत राहतं.

यामुळेच दोन्हींच्या मुदती इतक्या वेगळ्या आहेत. बोटांच्या बेचक्यातल्या संसर्गाला आणि जांघेतल्या नायट्याला एक टक्का टर्बिनाफिन साधारण एक आठवडा सांगितलं जातं, काही पत्रकांत जांघेसाठी दोन आठवड्यांपर्यंत. तळपायावर किंवा पायाच्या कडांवर पसरलेलं असेल तर दोन आठवडे. दिवसातून एकदा की दोनदा, हे त्या-त्या ट्यूबच्या पत्रकावर पाहावं. क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा लावायचं असतं, पायासाठी किमान चार आठवडे आणि जांघेसाठी दोन ते चार. त्यातही चट्टा दिसेनासा झाल्यावर पुढचे दोन आठवडे ते चालू ठेवणं, हा मला सर्वांत भरवशाचा नियम वाटतो, कारण तो कातडीचा थर बदलण्याच्या वेळेशी जुळतो. काही ॲझोल मलमांच्या पत्रकांवर लक्षणं गेल्यावर सात ते दहा दिवस असंही लिहिलेलं असतं. ल्युलिकोनॅझोल या गटातलं नवं आणि बरंच तीव्र औषध आहे, दिवसातून एकदा लावायचं. त्याच्या मुदती टर्बिनाफिनच्या जवळ जातात: जांघेला एक आठवडा, पायाला दोन.

एक आठवडा औषध चार आठवड्यांच्या औषधाची बरोबरी कशी करेल, अशी शंका येणं साहजिक आहे. 1993 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हीच तुलना केली होती. बोटांच्या बेचक्यात संसर्ग असलेल्यांपैकी काहींना आठवडाभर टर्बिनाफिन दिलं, बाकीच्यांना चार आठवडे क्लोट्रिमॅझोल. सहाव्या आठवड्यात तपासणीत बुरशी न सापडलेले लोक पहिल्या गटात सुमारे 97 टक्के होते, दुसऱ्या गटात सुमारे 84 टक्के. क्लोट्रिमॅझोल वाईट ठरलं असा याचा अर्थ नाही, 84 टक्के चांगलाच आकडा आहे. पण चाचणीतले लोक महिनाभर नेमाने मलम लावत होते. घरी दहाव्या दिवशी ट्यूब बाजूला पडते, आणि ॲझोलला त्याचा फटका टर्बिनाफिनपेक्षा कितीतरी जास्त बसतो.

टर्बिनाफिनच्या बाबतीत नेमकी उलटी अडचण येते. आठवडा संपतो तेव्हा चट्टा बहुधा पूर्ण गेलेला नसतो. खाज कमी झालेली असते, पण थोडी लाली आणि कोंडा शिल्लक असतो. औषध लागू पडलं नाही म्हणून माणूस लगेच दुसरं मलम आणतो. खरं तर बुरशी मेलेली असू शकते आणि कातडी मागाहून आपली डागडुजी करत असते. मलम थांबवल्यावरही पुढचे दोन-तीन आठवडे सुधारणा चालू राहते. म्हणून आठवड्याच्या शेवटी जागा आधीपेक्षा स्पष्ट बरी असेल तर वाट पाहावी. आठवड्यात काडीचाही फरक नसेल, किंवा कड पुढे सरकत असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिच्याकडे शेवटी येतो.

एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशेब मांडू. समजा, बारा तास बूट घालून उभ्याने काम करणारा पस्तिशीतला माणूस आहे. दोन्ही जांघांत तळहाताएवढा एकेक चट्टा, कड लालसर, उंचावलेली, तिच्यावर बारीक कोंडा, मध्ये कातडी त्या मानाने साफ. खाज संध्याकाळी जास्त. त्याने क्लोट्रिमॅझोलची पंधरा ग्रॅमची ट्यूब आणली आणि चट्ट्यावर लावायला सुरुवात केली.

इथे पहिली गोष्ट म्हणजे मोजे काढून पाय पाहायचे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फाकवून, उजेडात. तिथे पांढरट, भिजल्यासारखी, सुटत आलेली कातडी दिसली तर जांघेतल्या बुरशीचा उगम बहुधा तोच आहे. अंतर्वस्त्र घालताना ते पायांवरून वर येतं आणि बुरशी बरोबर घेऊन येतं. फक्त जांघ बरी केली आणि पाय तसेच राहिले, तर मलम कितीही दिवस लावा, बुरशी पुन्हा वर येणार. आपल्या माणसाच्या दोन्ही पायांच्या शेवटच्या बेचक्यात ती निघाली. म्हणजे उपचार दोन्ही ठिकाणी, एकाच वेळी. अंतर्वस्त्राआधी मोजे घालायचे, हा साधा क्रम बदलही खूप उपयोगी पडतो.

आता मलम किती लागेल? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत, ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटर साध्या दिसणाऱ्या कातडीलाही लावायचं असतं, कारण बुरशी कडेच्या पुढे पोहोचलेली असते. त्या हिशेबाने दोन्ही जांघांना मिळून एक पेर आणि दोन्ही पायांच्या बेचक्यांना व आसपास मिळून एक पेर. एका वेळी एक ग्रॅम, दिवसाला दोन. पंधरा ग्रॅमची ट्यूब आठव्या दिवशी संपते, आणि खाज तर त्याआधीच गेलेली असते. थांबायचा निर्णय माणूस घेतच नाही, ट्यूबच त्याच्या वतीने घेते. चार आठवड्यांचे होतात छप्पन्न ग्रॅम, म्हणजे चार ट्यूब. सुरुवातीलाच हा हिशेब कळला तर दुसरी ट्यूब वेळेवर येते. हाच माणूस टर्बिनाफिन घेऊन दिवसातून दोनदा लावत असता, तरी आठवड्याचे चौदा ग्रॅम होतात, आणि एका ट्यूबमध्ये काम भागलं असतं. किंमत तोलताना एका ट्यूबची नव्हे, पूर्ण उपचाराची तोलावी.

दिवस पुढे सरकतात तसं काय दिसेल? पाचव्या दिवसाच्या आसपास खाज शमते. दहाव्या दिवशी लाली फिकी होते. समजा सोळाव्या दिवशी जांघ साफ वाटली. साफ म्हणजे काय, ते डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त नीट कळतं. स्वच्छ, कोरड्या बोटाचं टोक चट्ट्याच्या जुन्या कडेवरून आडवं, हलकेच फिरवायचं. कड बोटाला लागली नाही, खरखर जाणवली नाही, आणि कातडी दोन बोटांत ताणून उजेडात पाहिल्यावर कोंडा दिसला नाही, तर ती साफ. मग हात धुवायचे. त्या जागी तपकिरी, काळसर डाग बहुधा राहतो. तो दाह होऊन गेल्याची खूण असते, बुरशीची नाही. सावळ्या कातडीवर तो कित्येक महिने टिकू शकतो. डाग जाईपर्यंत मलम लावत राहणं निरर्थक आहे. दोन आठवडे मोजायला सुरुवात डाग गेल्यावर करायची नसते, कड आणि कोंडा गेल्यावर करायची. आपल्या माणसाचा सोळावा दिवस तो, म्हणजे मलम तिसाव्या दिवशी थांबेल. पायाची चार आठवड्यांची मुदतही तेवढ्यात पूर्ण होते. पायाचं बेचकं जांघेपेक्षा उशिरा साफ झालं, तर तिथले दोन आठवडे स्वतंत्रपणे मोजायचे.

लावण्याआधी जागा पूर्ण कोरडी हवी. बोटांमध्ये टॉवेल घुसवून पुसायचं, पायांचा टॉवेल वेगळा ठेवायचा, आणि जांघ आधी पुसून मग पाय. झडलेल्या कातडीतली बुरशी कपड्यांत बराच काळ जिवंत राहते, म्हणून मोजे, अंतर्वस्त्रं आणि टॉवेल जमल्यास 60 अंशांच्या पाण्यात धुवावेत. कोमट पाण्याने तितकं काम होत नाही.

मग टर्बिनाफिनच का घेऊ नये सरसकट? बेचक्यातल्या चिखल्या किंवा ठळक कडेचा, मध्ये साफ होत जाणारा चट्टा असेल, तर लवकर आटोपणारा उपाय म्हणून माझा कल टर्बिनाफिनकडेच आहे. पण जांघेतला प्रत्येक लाल चट्टा नायटा नसतो. कँडिडा नावाचं यीस्टही घड्यांमध्ये वाढतं. तेव्हा लाली गडद आणि ओलसर असते, मुख्य चट्ट्याबाहेर लहान लहान लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतात आणि पुरुषांमध्ये अंडकोषाची कातडीही लाल होते. नायटा सहसा ती सोडतो. टर्बिनाफिन मलम कँडिडावर कमी पडतं, ॲझोल दोन्हींवर चालतं. चट्टा नेमका कशाचा हे ठरत नसेल, तर ॲझोल घेणं जास्त शहाणपणाचं.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेली मलमं सर्रास वापरली जातात. ट्यूबवरच्या घटकांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन असं काही लिहिलेलं असेल, तर ती त्यातली. दोन दिवसांत खाज आणि लाली गायब होते, म्हणून ती फार आवडतात. पण स्टेरॉइड शरीराची प्रतिक्रिया दाबतं, आणि प्रतिक्रिया दबली की बुरशीला रान मोकळं मिळतं. चट्टा पसरतो, कड पुसट होते, त्यामुळे ओळखणंही अवघड होऊन बसतं. जांघेतली पातळ कातडी त्याने आणखी पातळ होते आणि ताणल्यासारखे पट्टे उमटतात, ते कायमचे राहतात. असं मलम लावलेलं असेल तर या लेखातला दिवसांचा कुठलाच हिशेब लागू होत नाही, कारण चट्टा दिसत नाही म्हणजे बुरशी कमी झाली, हे गृहीतकच मोडतं. महिनोन्‌महिने लावत असाल तर थांबवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. एकदम सोडल्यावर खाज भडकते आणि घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो.

आता राहिला तो, ज्याला सगळं नेमाने करूनही फरक पडत नाही. गेल्या काही वर्षांत टर्बिनाफिनला दाद न देणारा नायटा बऱ्याच ठिकाणी वाढला आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी त्याला मुख्यतः कारणीभूत आहे, 2020 मध्ये तिला स्वतंत्र नाव मिळालं आणि आता ती अनेक देशांत आढळते. टर्बिनाफिन जो टप्पा अडवतं, तिथल्या एन्झाइमच्या जनुकातच तिच्यात बदल झालेला असतो, त्यामुळे औषध तिथे नीट चिकटत नाही. ती जांघेपुरती थांबत नाही. कंबर, नितंब, पोट असे मोठे चट्टे येतात, घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना येतात. अशा वेळी एक आठवड्याचा नियम विसरायचा. तज्ज्ञ तेव्हा बहुधा पोटातून औषध देतात, ते कित्येक आठवडे चालतं, आणि चट्टे गेल्यावरही काही काळ चालू ठेवलं जातं.

म्हणून टर्बिनाफिनच्या पहिल्या आठवड्यात काहीच फरक नसेल, किंवा ॲझोल नेमाने लावून दोन-तीन आठवड्यांत कड खाली बसली नसेल, तर मलम बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावं. नखं जाड किंवा पिवळी झाली असतील तरीही दाखवावं, कारण नखातल्या बुरशीपर्यंत ही मलमं पोहोचत नाहीत आणि तिथून ती पायावर परत येत राहते. मधुमेह असेल आणि पायाला भेगा, पू किंवा सूज असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदरपणात आणि लहान मुलांसाठीही मनाने मलम सुरू करू नये.

डॉक्टर चट्ट्याची कड बोथट पात्याने हलकेच खरवडून निघालेला कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे असतील तर दिसतात. दुखत नाही, निकाल बहुधा त्याच दिवशी कळतो. नुकतंच बुरशीनाशक मलम लावलेलं असेल तर धागे असूनही ते न सापडण्याची शक्यता वाढते. तेव्हा कोणतं मलम, किती दिवस आणि शेवटचं कधी लावलं हे डॉक्टरांना आधीच सांगा, आणि वापरलेल्या सगळ्या ट्यूब बरोबर घेऊन जा, संपलेल्यासुद्धा.